एफसीएफएस की राउंड रॉबिन: पुतणीच्या वहीतला गँट चार्ट

खानापूरहून बेळगावला कॉलेजला येणारी माझी पुतणी विचारत होती, "काका, राउंड रॉबिनच चांगलं ना?" कशासाठी, ते आधी ठरवायला हवं. सीपीयू कोणत्या प्रोसेसला कधी द्यायचा, हे ठरवण्याच्या या दोन पद्धती: एफसीएफएसमध्ये जी आधी येईल तिचं काम आधी पूर्ण करायचं, राउंड रॉबिनमध्ये प्रत्येकीला आळीपाळीनं थोडा थोडा वेळ द्यायचा. क, ख, ग या तीन प्रोसेस शून्याला आल्या, प्रत्येकीला सीपीयू ४ एकक हवा आणि क्वांटम, म्हणजे एका पाळीला मिळणारा वेळ, २ आहे, असं धरू.

```
एफसीएफएस
| क | ख | ग |
0   4   8   12

राउंड रॉबिन
| क | ख | ग | क | ख | ग |
0   2   4   6   8   10  12
```

एफसीएफएसमध्ये थांबणं ०, ४, ८, म्हणजे सरासरी ४. राउंड रॉबिनमध्ये तिनं २ काढली होती, कारण पहिल्या तुकड्याची सुरुवातच तिनं थांबणं धरली. तो झाला प्रतिसादाचा वेळ. थांबण्यासाठी संपण्याच्या वेळेतून आगमन आणि काम वजा करायचं: ४, ६, ८, सरासरी ६. म्हणजे इथे राउंड रॉबिन हरतं! शिवाय प्रोसेस बदलते पाच वेळा, एफसीएफएसमध्ये दोनदाच. त्या अदलाबदलीचा वेळ चार्टात दिसतही नाही.

पण पहिला प्रतिसाद सरासरी ४ ऐवजी २ वर येतो. समोर माणूस बसून टाइप करत असेल तर राउंड रॉबिन घ्यावं. सारख्या लांबीची कामं रात्री एकामागून एक उरकायची असतील तर एफसीएफएस पुरे. मात्र रांगेत पुढे एखादं लांबलचक काम आलं, तर मागची छोटी कामं अडकून पडतात.