मॅच कट: आकार जुळवायचा की गती?

मॅच कट म्हणजे एका शॉटमधला आकार किंवा हालचाल पुढच्या शॉटमधल्या आकाराशी किंवा हालचालीशी जुळवून केलेला कट. समजा, एआय व्हिडिओ मॉडेलकडून दोन शॉट बनवायचे आहेत: भिंतीवरचं गोल घड्याळ आणि पौर्णिमेचा चंद्र. हे दोन शॉट आकारावर जोडायचे, तर दोन्ही प्रॉम्प्टमध्ये एकच ओळ जशीच्या तशी ठेवा: 'वर्तुळ फ्रेमच्या मधोमध, फ्रेमच्या निम्म्या उंचीएवढं, कॅमेरा स्थिर'. नुसतं 'गोल' लिहिलं की मॉडेल चंद्र कोपऱ्यात टांगतं. पहिल्या शॉटची शेवटची फ्रेम आणि दुसऱ्याची पहिली फ्रेम एकावर एक ठेवून वरचीची अपारदर्शकता ५० टक्के करा. कडा दुहेरी दिसल्या तर जुळलेलं नाही. थोडा फरक असेल तर एडिटमध्ये झूम करून भागतं. रंगाचीही मदत घ्यावी, पण एकट्या रंगावर कट क्वचितच तरतो.

गतीची जुळणी मला जास्त आवडते, कारण डोळा हालचालीमागे धावतो आणि आकारातली चूक पोटात घालतो. सायकलचं चाक फिरतंय, कट, छताचा पंखा फिरतोय. इथे दिशा आणि वेग दोन्ही लिहावे लागतात: 'घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, मंद, एकसारख्या वेगाने'. तरी मॉडेल कधी कधी दिशा चुकवतं. अशा वेळी नवी क्लिप बनवत बसू नका. आहे तीच आडवी उलटवा, फिरण्याची दिशा बदलते. फ्रेममध्ये अक्षरं असतील तर मात्र ती उलटी दिसतील.

दुसरी अडचण सुरुवातीची. पुष्कळ क्लिप स्थिर उभ्या राहून मग वेग घेतात, त्यामुळे कटवर पंखा अडखळल्यासारखा वाटतो. तो सुरुवातीचा तुकडा छाटून, ऐन वेगात कापा.

वस्तू स्थिर असतील तरच मी आकाराकडे वळतो.