आव आणि जिआर्डिया: मेट्रो घ्यायची की टिनी, आणि दुसऱ्या गोळीचं काय?

अमळनेर, चोपडा, यावलकडे पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर एकच वाक्य कानावर येतं: "भाऊ, मुरडा पडेल से, मेट्रो दे." मेट्रो म्हणजे मेट्रोनिडाझोल, आणि टिनी म्हणजे तिच्याच जातीचं टिनिडाझोल. मेट्रोची तीच गोळी आव पडलेल्यालाही जाते आणि जिआर्डिया झालेल्यालाही. पण या दोन आजारांत गोळी किती दिवस घ्यायची आणि ती संपल्यावर काय करायचं, हे अगदी वेगळं आहे.

आधी आजार ओळखायला हवा. आव करणारा अमिबा मोठ्या आतड्यात जखमा करतो. म्हणून शौचाला थोडं थोडं, पण वारंवार जावं लागतं, शेंब आणि रक्त पडतं, मुरडा येतो. जिआर्डिया लहान आतड्याच्या वरच्या भागात राहतो. त्यात रक्त पडत नाही. शौच पातळ, तेलकट आणि अतिशय घाण वासाचं होतं, पोट फुगतं, ढेकर येतात, वजन उतरतं. रक्तासोबत जोराचा ताप असेल तर बहुतेक वेळा अमिबाची नाही, बॅक्टेरियाची आव असते. तिथे या दोन्ही गोळ्यांचा उपयोग नाही, अँटिबायोटिक लागतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी शौच तपासून घ्या. नमुना ताजा हवा, अर्ध्या तासात लॅबमध्ये पोहोचलेला. सकाळचा डबा दुपारी नेला तर हलणारा अमिबा मरून गेलेला असतो आणि रिपोर्ट कोरा येतो.

जिआर्डिया निघाला तर माझं मत टिनिडाझोलच्या बाजूने आहे. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, जेवणानंतर, एकदाच. औषध तेवढंच. मेट्रोनिडाझोलनेही जिआर्डिया जातो, पण त्यासाठी पाच ते सात दिवस, दिवसातून तीनदा गोळी घ्यावी लागते. तोंडाला धातूसारखी चव येते, भाकरी गोड लागत नाही आणि तिसऱ्या दिवशी माणूस गोळी सोडतो. सिस्ट, म्हणजे परजीवीचं कवच धरलेलं रूप, काढायची वेगळी गोळी जिआर्डियाला लागत नाही.

अमिबाच्या आवेत मात्र मेट्रो की टिनी हा फरक तसा लहान आहे. टिनिडाझोल रोज २ ग्रॅम, तीन दिवस. मेट्रोनिडाझोल ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, किमान पाच दिवस. टिनी अंगात जास्त वेळ टिकते, म्हणून दिवसातून एकदाच पुरते आणि सहसा सोसतेही बरी. खरा प्रश्न त्यानंतर येतो. ही दोन्ही औषधं लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण शोषली जातात आणि रक्तातून आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या अमिबाला मारतात. मोठ्या आतड्याच्या पोकळीत त्यांचा फारच थोडा अंश उरतो आणि सिस्ट बसलेल्या असतात नेमक्या तिथेच.

तापीकाठच्या गावातल्या एका शेतकरी दादांचं असंच झालं. शौचात रक्त होतं, तपासणीत लाल पेशी गिळलेला अमिबा दिसला. मेट्रोचा कोर्स त्यांनी पूर्ण केला, रक्त थांबलं, ते कामाला लागले. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तोच मुरडा, तेच रक्त. गोळी बनावट असेल असं त्यांना वाटलं. चिठ्ठीवर पोकळीतल्या सिस्ट काढणारी दुसरी गोळी, डायलोक्झानाइड, लिहिलेली होती, पण बरं वाटल्यावर ती घ्यायची राहून गेली होती. पुन्हा तीन दिवस टिनी आणि लगेच डायलोक्झानाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस, असा कोर्स झाला. नंतरच्या तपासणीत सिस्ट दिसल्या नाहीत.

डायलोक्झानाइड पोकळीतच काम करतं, म्हणून एकट्यावर रक्ती आव बरी होत नाही. त्याने पोटात वायू जास्त धरतो, बाकी त्रास कमी. मेट्रो आणि डायलोक्झानाइड एकाच गोळीत असलेलं औषधही मिळतं. सोपं वाटतं, पण पाच दिवसांत थांबवलं तर डायलोक्झानाइडचे दहा दिवस भरत नाहीत. मला दोन्ही वेगळी घेणंच बरं वाटतं. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने तर ही दुसरी गोळी मुळीच चुकवू नये, कारण त्रास नसतानाही तिच्या शौचातून सिस्ट बाहेर पडत राहतात आणि त्या पीठ मळणाऱ्या हाताने पसरतात. टँकरच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनने त्या मरत नाहीत. पाणी उकळावंच लागतं.

दारूचा एक घोटही नको: मेट्रोनंतर दोन दिवस, टिनीनंतर तीन दिवस. गरोदरपणाचे पहिले महिने असतील, किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. लहान मुलाची मात्रा वजनावर ठरते, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

आणि आव थांबल्यावर काही आठवड्यांनी ताप येऊन उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करा. अमिबा यकृतात गेलेला असू शकतो. तिथेही मेट्रो किंवा टिनीनंतर डायलोक्झानाइड द्यावंच लागतं, मग शौचाचा रिपोर्ट कोरा का असेना.