अकरा धंदे, एक वही: चटणी, भाकरी, गणवेश की हुरडा?

सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीनं जुन्या कॅलेंडरच्या मागं धंद्यांची यादी केली होती. अकरा नावं झाली. हाताशी ऐंशी हजार रुपये आणि आठवड्याचे वीसेक तास. या दोन्हींत न बसणारी सात नावं आधीच खोडली. त्यांना गुण देत बसण्यात अर्थ नव्हता. चार उरली.

पहिल्या खेपेला तिनं रकान्यांना कष्ट, खर्च आणि उत्साह अशी नावं दिली, पाचपैकी गुण टाकले आणि बेरीज केली. कडक भाकरी चटणीच्या वर गेली! कारण भाकरीला कष्ट 5 होते, आणि ते गुण म्हणून जमा झाले. म्हणून रकान्यांची नावंच बदलली: सोपं, स्वस्त, ओढ. आता मोठा आकडा म्हणजे नेहमी चांगलंच.

आकड्यांना अर्थही ठरवला. स्वस्तमध्ये 1 म्हणजे सगळे ऐंशी हजार जाणार, 3 म्हणजे चाळीस, 4 म्हणजे वीस. सोपंमध्ये 1 म्हणजे वीसच्या वीस तास जाणार. गुण उभे भरायचे: आधी चारही धंद्यांचं सोपं, मग तो रकाना झाकून स्वस्त. आडवे भरत गेलं की आवडत्या धंद्याला तिन्हीकडं झुकतं माप मिळतं. ओढीचे गुण आठवड्यानं पुन्हा दिले आणि दुसऱ्यांदाचेच धरले.

| धंदा | सोपं | स्वस्त | ओढ | बेरीज | गुणाकार |
|---|---|---|---|---|---|
| शेंगा चटणी | 3 | 4 | 3 | 10 | 36 |
| कडक भाकरी | 1 | 4 | 2 | 7 | 8 |
| शाळेचे गणवेश शिवणं | 4 | 5 | 1 | 10 | 20 |
| हुरडा पार्टी | 2 | 3 | 5 | 10 | 30 |

भाकरी बाद. दिवसभर तव्यापुढं उभं राहणं तिच्या कंबरेला झेपणारं नाही, तिथं चर्चाच नको. पण बेरजेनं तिघांना एकाच पायरीवर आणून बसवलं.

गणवेशाचं बघा. मशीन घरात आहे, कापड कारखानदार देतो, नगावर मजुरी मिळते. बेरजेत ते सहज पहिल्या रांगेत बसतं, कारण 5 नं 1 झाकला. गुणाकारात तो 1 झाकला जात नाही. मग कुठली रीत धरायची? माझा हिशेब असा: कमी पडलेली बाजू बाहेरून भरून काढता येत असेल तर बेरीज चालते. कष्टाला मदतनीस मिळेल, पैशाला बचत गटाचं कर्ज मिळेल. पण एकाच मापाच्या दोनशे कॉलर जोडण्याची हौस उसनी कुठून आणणार? म्हणून इथं गुणाकार, आणि गणवेश मागं.

राहिले दोन, 36 आणि 30. कागदावर चटणी पुढं. पण एवढ्या फरकावर मी ऐंशी हजार लावणार नाही. एक गुण इकडचा तिकडं झाला की निकाल उलटतो. म्हणून तिला म्हटलं, आधी पाच किलो शेंगदाण्यांची चटणी करून बघ.

शेंगदाणे भाजून साल काढेपर्यंत सगळं सुरळीत. मग मिक्सरला लावले तर कोरडं कूट झालं. आपल्याकडची चटणी कुटून तेल सुटलेली, बोटांत धरली की गोळा होणारी लागते. उखळात कुटली तेव्हा तशी झाली, पण पाच किलोला अख्खा दिवस गेला आणि संध्याकाळी खांदा वर होईना. सोपं 3 वरून 2 वर आलं. गुणाकार 24. कांडप यंत्र घेतलं तर सोपं 4 होतं, पण यंत्रासकट खर्च साठ हजारांच्या घरात जातो, स्वस्त 2 होतं. पुन्हा 24!

आता हुरडा पुढं. पण त्याचे गुण अजून अंदाजाचेच होते, म्हणून तेही तपासले. शेत भावाचं, मांडव-सतरंज्या-स्वच्छतागृह मिळून चाळीस हजार, म्हणजे 3 बरोबर. अडचण वेगळीच निघाली. एका वेळी पेरलेली ज्वारी हुरड्याला योग्य अशी जेमतेम आठ-दहा दिवस असते. मग दाणा कडक होतो, आगटीत भाजला तरी तळहातावर चोळून नीट सुटत नाही. गिऱ्हाईक तर रविवारीच येणार. म्हणजे एका पेरणीत फार तर दोन रविवार. एवढ्यावर चाळीस हजार निघणं अवघड. यावर भावानंच उपाय काढला, आणि सोपंचे 2 तसेच राहिले.

रब्बीच्या पेरणीला त्यानं तिला एक एकर दिलं. तिनं त्याचे चार तुकडे केलेत, दर तुकड्याची पेरणी दहा दिवसांनी मागं. दोन झालेत. तिसऱ्यासाठी गुळभेंडीचं बियाणं आणायला ती उद्या जाणार आहे.