थप्पीच्या पोटात काय होतं

वेंगुर्ल्याजवळ माझा काजू फोडायचा छोटा कारखाना आहे. मे अखेरीस एका व्यापाऱ्याने गोदामात ठेवलेली २०० पोती काजू बी मला दाखवली. ८० किलोचं पोतं, म्हणजे १६,००० किलो. १२० रुपये दराने १९ लाख २० हजार होत होते. मी ४ लाख ॲडव्हान्स दिला, गोदामाची पावती माझ्या नावावर करून घेतली आणि तीच तारण ठेवून बाकीचे पैसे बँकेकडून घ्यायचं ठरवलं.

बँकेचा माणूस आला तेव्हा थप्पी लांबीला ८, रुंदीला ५ आणि उंचीला ५ होती. गुणाकार बरोबर जमत होता. मीही तेवढंच पाहिलं होतं. पण तो म्हणाला, ‘वरून उतरवा.’ वरचा थर काढून हमाल आत उतरायला लागला आणि थबकला. ‘हयसर पाय ठेवू नकात, फळी हलता.’ फळीखाली पोकळी होती. मधल्या तीन थरांत बारा-बारा पोती नव्हतीच, म्हणजे ३६ कमी.

मग बँकेच्या माणसाने बाहेरच्या आणि आतल्या पोत्यांतून वेगवेगळे नमुने काढले. बाहेरची बी मुठीत खुळखुळत होती, आतली मुकी. बाहेरच्या बीची आर्द्रता ९ टक्के होती, आतल्या बीची १३. ओली बी काट्यावर जड भरते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. प्रत्येक नमुन्यातली एक किलो बी त्याने आमच्याच अडकित्त्यावर कापून चांगला गर वेगळा तोलला. बाहेरच्या बीतून २७० ग्रॅम निघाला, आतल्यातून १९०, बाकी सुरकुतलेला आणि डागी. गेल्या हंगामातला माल होता तो. उतारा बघायला रोज हाच अडकित्ता वापरणारा मी, पण घेताना फक्त दारातली चार पोती फोडली. लाज त्याचीच वाटते.

शेवटी त्याने पावती वाचायला लावली. खाली बारीक अक्षरात होतं: ‘मालाचे वजन व प्रत पार्टीच्या सांगण्याप्रमाणे.’ म्हणजे गोदामवाल्याने पोती ठेवून घेतली, आत काय आहे याची हमी दिलीच नव्हती. गोदाम वखार प्राधिकरणाकडे, म्हणजे डब्ल्यूडीआरएकडे, नोंदलेलं नव्हतं. नोंदणीकृत गोदामाच्या इलेक्ट्रॉनिक पावतीवर वजन आणि प्रत लिहिलेली असते, आणि बँक तिच्यावर ऑनलाइन बोजा चढवते, त्यामुळे तोच माल दुसरीकडे तारण टाकता येत नाही. माझ्या कागदी पावतीची झेरॉक्स आणखी किती जणांकडे होती, देव जाणे.

कर्ज नामंजूर झालं. व्यापाऱ्याने दीड लाख परत केले, उरलेल्या अडीच लाखांसाठी वकिलाची नोटीस गेली आहे. पोती अजून त्याच गोदामात आहेत, आणि त्यांचं भाडं पावती माझ्या नावावर असल्यामुळे मलाच लागतंय.