डेव्हलपर ऑप्शन्स चालू, बँक बंद: काही महिन्यांच्या वापरानंतर

बँकेचं अ‍ॅप तसं चांगलं आहे. पैसे पटकन जातात, स्टेटमेंट लगेच निघतं. तीन तारे देतोय ते एकाच कारणासाठी: मधूनच ते उघडायलाच नकार देतं आणि ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढंच सांगून बंद होतं. नेमकं काय खटकलं ते सांगत नाही.

माझ्या अँड्रॉइड फोनवर खटकत होते डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीचा लपलेला मेनू. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की हा मेनू उघडतो. तो चालू आहे की नाही, हे कुठल्याही अ‍ॅपला परवानगी न मागता वाचता येतं. मेनूतलं यूएसबी डीबगिंग चालू करून adb असलेल्या संगणकाला फोन जोडलेला असेल तर आपल्यालाही दिसतं:

```
adb shell settings get global development_settings_enabled
```

उत्तर 1 आलं की मेनू चालू. पण खरा धोका या मेनूत नाही, त्यातल्या यूएसबी डीबगिंगमध्ये आहे. ते चालू असताना तुम्ही मंजुरी दिलेल्या संगणकावरून फोनची स्क्रीन बघता येते, टॅप करता येतं, अ‍ॅपही टाकता येतं. बँकेला याची भीती वाटणं रास्त आहे. मग फक्त डीबगिंग तपासा ना! अ‍ॅनिमेशनचा वेग वाढवायला मेनू उघडलेल्या माणसालाही बाहेर काढायचं, हे अति आहे.

उपाय सोपा आहे: मेनूतलं सर्वांत वरचं बटण बंद करायचं, अ‍ॅप फोर्स स्टॉप करून पुन्हा उघडायचं. नुसतं डीबगिंग बंद करून माझं काम झालं नाही. वरचं बटण बंद केलं की डीबगिंग जातं आणि अ‍ॅनिमेशनचा वेगही मूळ पदावर येतो. तो दर वेळी नव्याने लावत बसायचा.

रूटची, म्हणजे फोनवर सर्वाधिकार मिळवण्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे मी बँकेच्या बाजूने आहे. अँड्रॉइडमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खासगी फाइल्स दिसत नाहीत. रूट मिळालेल्या अ‍ॅपला ही भिंत अडवत नाही. धाकट्या भावाने जुन्या फोनवरून रूट मिळवून देणारं मॅजिस्क काढून टाकलं, तरी हेच अ‍ॅप उघडेना. कारण फोनची सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर अनलॉक्डच होता. फोनशी छेडछाड झाली आहे का, हे अ‍ॅप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेला विचारतं, आणि नव्या फोनांत बूटलोडरची स्थिती थेट हार्डवेअरच्या सहीनिशी कळते. त्यामुळे रूट लपवणारी मॉड्यूल्स आज चालली तरी उद्याचा भरवसा नाही.

त्याने कंपनीची मूळ रॉम, म्हणजे फोनची मूळ सिस्टिम टाकली, मग बूटलोडर लॉक केला. लॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, म्हणून बॅकअप आधी. आणि बदललेल्या रॉमवर लॉक करू नका, फोन सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते.

गंमत म्हणजे, त्याच रूट केलेल्या फोनच्या क्रोममध्ये बँकेचं नेटबँकिंग तेव्हाही बिनतक्रार उघडत होतं.