6 महिन्यांची अँबॅसडरशिप, पैसे मिळाले 2 महिन्यांचे

एका स्किनकेअर ब्रँडने थेट 6 महिन्यांची ऑफर दिली तेव्हा मी हुरळून गेले, हे आधीच कबूल करते. महिन्याला 2 रील, 4 स्टोरी आणि ठरलेली फी. मी सगळी घासाघीस फीवर केली आणि बाकीचं वाचलं, पण नुसतं वाचलं.

खरी गोम दोन क्लॉजमध्ये मिळून होती. एक्सक्लुझिव्हिटी, म्हणजे त्या कॅटेगरीतल्या दुसऱ्या ब्रँडचं काम घ्यायचं नाही ही अट, सही केल्या दिवसापासून सुरू, पण इन्व्हॉइस पाठवायचं ते 'अप्रूव्ह झालेला कंटेंट लाइव्ह गेल्यावर', आणि पैसे त्यानंतर 60 दिवसांनी. म्हणजे मी बांधली गेले लगेच, आणि माझे पैसे कधी सुरू होणार ते सगळं त्यांच्या हातात.

पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्याच्या रील तीनदा शूट करायला लावल्या (किती रीशूट फुकट, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं) आणि त्या लाइव्ह गेल्या तिसऱ्याच्या शेवटी. तिसऱ्या महिन्याची स्क्रिप्ट 'टीमकडे आहे' यातच अडकली. मधेच एका शॅम्पूवाल्यांनी विचारलं, मला वाटलं शॅम्पू काय स्किनकेअर नाही, पण काँट्रॅक्टमध्ये शब्द होता 'पर्सनल केअर', म्हणजे शॅम्पू, साबण, डिओ सगळंच आलं. तरी विचारून बघितलं तर ज्या मॅनेजरला स्क्रिप्ट बघायला महिना पुरत नव्हता त्याचं 10 मिनिटांत उत्तर, नाही चालणार. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

चौथ्या महिन्याच्या शेवटी मेल आला, कॅम्पेनची दिशा बदलली, 15 दिवसांची नोटीस. आणि काँट्रॅक्ट संपल्यावरही एक्सक्लुझिव्हिटी आणखी 3 महिने! हिशेब करा, साडेसात महिने माझे हात बांधलेले आणि पैसे 2 महिन्यांचे. शॅम्पूवाले गेले, अजून एक सनस्क्रीनवाले गेले. मुद्दाम केलं की नुसता ढिसाळपणा ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्यांचा फायदा दोन्हीत सारखाच.

आता मी कॅटेगरी मान्यच करत नाही, नावं मागते, कुठले 4-5 ब्रँड नकोत ते लिहून द्या. 3 वर्किंग डेजमध्ये उत्तर नाही आलं तर अप्रूव्ह धरणार, रीशूट 2 पर्यंतच, आणि तुम्ही मधे सोडलंत तर पुढची एक्सक्लुझिव्हिटी रद्द, हवी असेल तर तिची वेगळी फी. मागच्या महिन्यात एका ब्रँडने 3 दिवसांच्या अटीला साफ नकार दिला, मग मी म्हटलं ठीक आहे, फी महिन्याच्या 5 तारखेला फिक्स, कंटेंट लाइव्ह असो नसो, उशीर माझ्यामुळे झाला तरच थांबवा. ते त्यांनी मानलं.

आणि त्या जुन्या शेअर्ड शीटमध्ये माझी तिसऱ्या महिन्याची स्क्रिप्ट अजूनही 'पेंडिंग' दिसते.