क्वेटियापिन २५ की ट्रॅझोडोन ५०? झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या दोन गोळ्यांची तुलना

"काही नाही हो, झोपेची साधी गोळी आहे, पंचवीसचीच." माझ्याकडे येणारे रुग्ण असं सांगतात आणि चिठ्ठी पुढे करतात. चिठ्ठीवर क्वेटियापिन असतं, नाहीतर ट्रॅझोडोन ५०. आकडा लहान दिसला की औषधही सौम्य असणार, असं सगळ्यांनाच वाटतं. या दोन गोळ्यांच्या बाबतीत ही समजूत बरोबर नाही, आणि दोघींमधली एक निवडायची असेल तर आधी तेच समजून घ्यायला हवं.

क्वेटियापिन हे मुळात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजाराचं औषध. तिथे डोस साधारण ३०० ते ८०० मिलिग्रॅमपर्यंत जातो. ट्रॅझोडोन हे नैराश्याचं औषध, आणि त्यासाठी दिवसाला १५० ते ४०० मिलिग्रॅम लागतात. रिसेप्टर म्हणजे पेशींवरची कुलपं, ज्यांत शरीरातली रसायनं आणि औषधं किल्लीसारखी बसतात. औषध शरीरात गेलं की मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर त्याची पकड सगळ्यात घट्ट असते, तिथे ते आधी बसतं. क्वेटियापिनची ही पकड हिस्टामिनच्या रिसेप्टरवर असते, म्हणून २५ मिलिग्रॅमला ते बरंचसं सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांसारखं वागतं आणि गुंगी आणतं. स्किझोफ्रेनियासाठी ज्या डोपामिनच्या रिसेप्टरवर काम व्हावं लागतं, तिथपर्यंत ते नीट पोचतं ते मोठ्या डोसला. ट्रॅझोडोन ५० मिलिग्रॅमला हिस्टामिनबरोबर सेरोटोनिनचा एक रिसेप्टरही अडवतं. नैराश्यावरचं काम मात्र या डोसला फारसं होत नाही. म्हणजे 'थोडा मनालाही आधार मिळेल' या आशेने लहान डोस घेत असाल, तर तो आधार मिळत नाही.

शिवाय दोन्ही औषधं रक्तवाहिन्या आवळून धरणारा अल्फा-१ रिसेप्टर अडवतात, तेही याच लहान डोसला. हे घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून एक नमुन्याचा रुग्ण घेऊन जरा सविस्तर बघू.

वय ६२. रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे, तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी ६.१ आहे. नऊला अंथरुणावर पडतात, झोप अकराला लागते, चारला डोळे उघडतात, सहाला उठतात. झोपेसाठी ट्रॅझोडोन ५० सुरू होतं. तिसऱ्या रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ते दाराला धडकतात. सकाळी आडवं असताना रक्तदाब १३२/८० भरतो. उभं राहून तीन मिनिटांनी मोजला तर १०६/६६. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त घसरला, तर त्याला उभं राहिल्यावर होणारी रक्तदाबाची घसरण म्हणतात. इथे तो २६ने घसरला. टॅमसुलोसिनही अल्फा-१च अडवतं, म्हणजे एकाच कुलपाला दोन किल्ल्या लागल्या.

आता ट्रॅझोडोन बदलून क्वेटियापिन २५ दिलं तर? घसरण क्वेटियापिननेही होते, कारण अल्फा-१ तेही अडवतं. वर वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढण्याचा धोका येतो. हा धोका मोठ्या डोसला सर्वाधिक असला, तरी लहान डोसला तो नसतोच असं धरून चालता येत नाही. ६.१ म्हणजे साखर आधीच उंबरठ्यावर आहे. त्यामुळे या माणसासाठी क्वेटियापिन ट्रॅझोडोनपेक्षा वाईट निवड आहे, आणि ट्रॅझोडोनही चांगली नाही. त्यांची अडचण आधी लघवीची आहे. घोरणं असेल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी आधी करायची, कारण त्याने रात्रीची लघवीही वाढते. शिवाय नऊ तास अंथरुणात आणि पाचच तास झोप, हे गणितच बिघडलेलं आहे. रात्री बारा ते सकाळी साडेपाच एवढीच अंथरुणाची वेळ ठेवायची, झोप भरत गेली की ती पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायची. निद्रानाशाच्या वर्तन-उपचारातला हा भाग गोळ्यांपेक्षा टिकाऊ ठरतो आणि उपचाराची सुरुवात त्यानेच करायची असते. फक्त पहिले काही दिवस दिवसा पेंग येते, गाडी चालवताना जपावं लागतं.

पुराव्याच्या बाबतीत दोन्ही गोळ्या कमकुवतच आहेत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत निद्रानाशासाठी ट्रॅझोडोन न वापरण्याचं सुचवलं आहे. प्रौढांच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून क्वेटियापिनसारखी औषधं देऊ नयेत, असं अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने २०१३मध्येच सांगितलं. तरी दोन्हींना जागा आहे. नैराश्यावर दुसरं औषध चालू आहे आणि त्याने झोप उडाली आहे, किंवा पूर्वी झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलेलं आहे, तर मी ट्रॅझोडोनचा विचार करतो. बायपोलर किंवा सायकोसिससाठी क्वेटियापिन लागणारच आहे, तर तेच रात्री घेतल्याने झोपेचाही प्रश्न सुटतो. निव्वळ झोपेसाठी क्वेटियापिन सुरू करणं मला पटत नाही.

दोन्हींचे स्वतःचे म्हणून धोके आहेत. ट्रॅझोडोनने क्वचित पुरुषांना लैंगिक इच्छा नसताना ताठरता येते आणि ती उतरत नाही. लाजून सकाळची वाट बघितली तर कायमचं नुकसान होऊ शकतं. चार तास उलटले तर रात्र असो वा दिवस, तातडीच्या विभागात जायचं. बायपोलर आजार असलेल्यांमध्ये ते उन्माद चाळवू शकतं. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार येतात का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

क्वेटियापिनचा फसवा त्रास म्हणजे पायांची अस्वस्थता. गोळी घेतल्यावर तासाभरात पाय हलवावेसे वाटतात, अंथरुणावर पडवत नाही. रुग्णाला वाटतं गोळी पुरत नाही, म्हणून २५चे ५० होतात आणि अस्वस्थता आणखी वाढते. त्यामुळे "झोप येत नाही" एवढ्यावर थांबू नका, पाय हलवून किंवा चालून बरं वाटतं का ते विचारा. उत्तर हो असेल तर डोस न वाढवता डॉक्टरांना हे सांगा. स्मृतिभ्रंश असलेल्या वयस्कर माणसांत क्वेटियापिनने मृत्यूचा धोका वाढतो, तिथे ते निव्वळ झोपेसाठी नको. आणि ते चालू ठेवायचंच असेल तर वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग दर वर्षी बघायचं. २५लाही.

बुरशीवरची काही औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स दोन्ही गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवतात. दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांकडे गेलात तर रात्रीच्या या गोळीचं नाव आठवणीने सांगा. दारूबरोबर दोन्ही वर्ज्य.

महिनोन्महिने घेत असाल तर हे वाचून आज रात्रीच बंद करू नका. एकदम थांबवल्यावर दोन-चार रात्री झोप उडते, क्वेटियापिनने मळमळही होते, आणि 'बघा, गोळीशिवाय मला जमतच नाही' असं वाटून माणूस पुन्हा तिच्याकडे वळतो. मानसिक आजारासाठी दिलेली असेल तर बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच. निव्वळ झोपेसाठी असेल तर त्यांच्याशी बोलून अर्धी, मग पाव, प्रत्येक पायरी एक-दोन आठवडे. प्रत्येक पायरीला उठण्याची वेळ मात्र तीच ठेवा, आदली रात्र कशीही गेली तरी.